विषयपत्रिकेवरची पंधरा मिनिटे

आमच्या संस्थेच्या ग्रंथालयाची अभ्यासिका सायंकाळी सहा वाजता बंद होत असे. ती आठ वाजेपर्यंत उघडी ठेवावी, असा प्रस्ताव मी व्यवस्थापन समितीपुढे दोनदा नेला. पहिल्या वेळी तो फेटाळला गेला नाही आणि मंजूरही झाला नाही. इतिवृत्तात त्याच्यापुढे एवढेच लिहिले गेले की "विषय माहितीसाठी ठेवण्यात आला." दुसऱ्या वेळी प्रस्ताव तोच होता, समितीचे सदस्यही तेच होते. बदलले होते ते सभेत वेळ मागण्याचे माझे पत्र. त्या दोन पत्रांमधला फरक मला येथे सविस्तर लिहायचा आहे, कारण पहिल्या पत्रातल्या चुका मला त्या वेळी चुका वाटल्याच नव्हत्या.

पहिले पत्र मी मनापासून लिहिले होते. अभ्यासिकेत येणाऱ्यांपैकी अनेक जण दिवसा नोकरी करतात, ते साडेपाचला येऊन जेमतेम वही उघडतात आणि अर्ध्या तासात त्यांना उठावे लागते, हे मी तीन परिच्छेदांत मांडले होते. शेवटी लिहिले होते की, "तरी आगामी सभेत हा विषय मांडण्यासाठी मला योग्य तेवढा वेळ द्यावा, ही नम्र विनंती." सोबत उपस्थिती नोंदवहीच्या छायाप्रती, वाचकांचे अर्ज आणि जुना पत्रव्यवहार अशी अडतीस पाने जोडली होती. पानांना क्रमांक नव्हते. पत्रात जोडपत्रांची यादी नव्हती, फक्त "सोबत : आवश्यक कागदपत्रे" असे होते. हे सगळे मी सभेच्या सहा दिवस आधी आवक विभागात दिले, पोच घेतली आणि काम झाले असे समजले.

सभेची सूचना आणि विषयपत्रिका त्याआधीच सदस्यांना गेलेली होती. त्यामुळे माझा विषय "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" या शेवटच्या बाबीखाली आला. तोवर दोन सदस्य निघून गेले होते, उरलेल्यांनी कागद पाहिलेले नव्हते आणि मला चार मिनिटे मिळाली. मी बोलून थांबल्यावर अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिले. सचिवांनी सांगितले की, या प्रस्तावात जादा पाळीचा खर्च आहे आणि आपल्या नियमांनुसार खर्चाचा विषय ऐनवेळी निर्णयासाठी घेता येत नाही. समिती दोन महिन्यांतून एकदा भरते. तेवढे दिवस अभ्यासिका पुन्हा सहालाच बंद होत राहिली.

सभेनंतरच्या आठवड्यात मी सचिवांना भेटायला गेले. माझे अडतीस पानांचे बाड त्यांनी टेबलावर ठेवले होते. ते पाने उलटत एका वाचकाच्या अर्जापाशी थांबले आणि म्हणाले, "ताई, हे सगळे वाचून सदस्याने शेवटी कशाला होकार द्यायचा, ते यात कुठे लिहिले आहे?" मी शोधू लागले. अडचण जागोजागी लिहिलेली होती, कळकळही होती, परंतु कोणती अभ्यासिका, कोणत्या तारखेपासून, किती काळासाठी, कोणाच्या जबाबदारीवर आणि कोणत्या खर्चाच्या शीर्षातून, हे एकाही पानावर एकत्र लिहिलेले नव्हते. ते पुढे म्हणाले, "विषयपत्रिका मी लिहितो. तुमच्या पत्रातून मला एक ओळ उचलता आली पाहिजे. ती मिळाली नाही, तर मी 'अभ्यासिकेबाबत चर्चा' असे लिहिणार, आणि तसे लिहिले की चर्चाच होते."

त्या दिवशी मला निर्णयासाठी आलेला विषय आणि माहितीसाठी आलेला विषय यांतला भेद पहिल्यांदा नीट कळला. आमच्या विषयपत्रिकेत आधी मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, मग त्यातील ठरावांवर झालेल्या कार्यवाहीचा अहवाल, मग निर्णयासाठी विषय, त्यानंतर माहितीसाठी विषय आणि शेवटी ऐनवेळचे विषय, असा क्रम असतो. अर्जदाराने कोणत्या सदराखाली विषय हवा आहे ते लिहिले नाही, तर सचिवांना तो मजकुरावरून ठरवावा लागतो. ज्या पत्रात ठरावाचा मसुदा नाही, ते पत्र साहजिकच माहितीच्या बाजूला झुकते. म्हणून दुसऱ्या वेळी मी पत्र लिहिण्याआधी ठराव लिहिला. तीन वेळा लिहून तो असा उतरला : "संस्थेच्या ग्रंथालयाची अभ्यासिका पुढील महिन्याच्या 1 तारखेपासून तीन महिन्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर सायंकाळी 6 ऐवजी 8 वाजेपर्यंत उघडी ठेवण्यास आणि त्यासाठी जोडपत्र 'क'मधील अंदाजानुसार जादा पाळीचा खर्च करण्यास मंजुरी देण्यात येत आहे." हे वाक्य पक्के झाल्यावर कोणते कागद लागतात आणि किती वेळ लागेल, हे त्याच्यावरूनच ठरत गेले.

त्यानंतर तारखांचा हिशेब करायला बसले. पुढची सभा 24 तारखेला होती. आमच्या नियमांनुसार सूचनेला पूर्ण सात दिवस मिळावे लागतात, म्हणजे सूचना पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस हे दोन्ही मोजायचे नसतात. 17 ते 23 असे सात दिवस मोकळे राहण्यासाठी विषयपत्रिका 16 तारखेला बाहेर पडायला हवी होती. विषय देण्याची शेवटची तारीख सभेपूर्वी दहा दिवस, म्हणजे 14 होती. मी पहिल्या वेळी एवढाही विचार केला नव्हता, पण एवढा विचारही पुरेसा नव्हता. खर्च असलेल्या विषयावर आधी अर्थ उपसमितीचा अभिप्राय लागतो आणि तो जोडलेला नसेल, तर मुख्य सभा विषय परत उपसमितीकडे पाठवते. उपसमितीची बैठक 6 तारखेला होती आणि तिला कागद तीन दिवस आधी हवे होते. म्हणजे 24 च्या सभेसाठी माझी खरी मुदत 3 तारीख होती. नियमाच्या पुस्तकात 14 तारीख दिसते, त्याआधीची 3 तारीख दिसत नाही. ती आपल्या विषयात खर्च, जागा किंवा मनुष्यबळ गुंतले आहे का, हे पाहून स्वतः मागे मोजत काढावी लागते.

वेळ किती मागावा, याबद्दलही माझी समजूत चुकीची होती. जास्त मागितला तर निदान थोडा मिळेल, या हिशेबाने मी अर्धा तास लिहिणार होते. सचिवांनी मला मागच्या सभेची विषयपत्रिका दाखवली. तिच्या समासात त्यांनी पेन्सिलीने मिनिटे लिहिलेली होती. सभा दोन तासांची, म्हणजे 120 मिनिटे. इतिवृत्त आणि कार्यवाही अहवाल यांना 30, हिशेबाच्या विषयाला 20, ऐनवेळच्या विषयांना 10. राहिलेल्या 60 मिनिटांत चार नवे विषय. त्यांच्या दृष्टीने अर्धा तास मागणारे पत्र म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी विषय पुढच्या सभेवर ढकलायला सांगणारे पत्र, आणि असा विषय ते नाइलाजाने शेवटी ठेवतात, कारण तेथे तो लांबला तरी इतरांना धक्का बसत नाही. "योग्य तेवढा वेळ" असे लिहिणारे पत्र तर त्यांना काहीच सांगत नाही.

त्याहून मोलाची गोष्ट त्यांनी नंतर सांगितली. पत्रात लिहायची मिनिटे ही फक्त आपल्या बोलण्याची नसतात. त्यात प्रश्नोत्तरे येतात आणि ठरावाच्या शब्दांवर होणारी चर्चाही येते. बहुतेक लोक आपल्या भाषणापुरता वेळ मागतात, त्यामुळे प्रश्न सुरू होताच वेळ संपलेला असतो, आणि ज्या विषयावर प्रश्न अर्धवट राहतात तो पुढे ढकलला जातो. मी 15 मिनिटे मागायची ठरवली आणि ती पत्रात फोडून दाखवली : मांडणी 6, प्रश्नोत्तरे 7, ठरावाच्या मसुद्यावर विचार 2.

सहा हा आकडा मी घड्याळ लावून काढला. आधी टिपणी मोठ्याने वाचून पाहिली, तेव्हा 11 मिनिटे लागली. पुन्हा वाचताना लक्षात आले की, मी सदस्यांच्या हातात असलेलेच कागद त्यांना वाचून दाखवत आहे. नोंदीचा तक्ता, पाळ्यांचे वेळापत्रक आणि खर्चाचे शीर्ष हे तिन्ही भाग बोलण्यातून काढले आणि त्यांच्या जागी "हे जोडपत्र 'अ'मध्ये आहे" असे एकेक वाक्य ठेवले. मग या विषयाशी काही संबंध नसलेल्या एका सहकारी बाईंना समोर बसवून मांडणी केली. ती सहा मिनिटांत बसली. संपताच त्यांनी विचारले, "पण आठ वाजता कुलूप कोण लावणार, आणि किल्ली रात्री कोणाकडे राहणार?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. दुसऱ्याच दिवशी मी शिपाई आणि सहायक यांच्याशी बोलून पाळ्या ठरवल्या, किल्लीची जबाबदारी लेखी घेतली आणि ते जोडपत्र 'ब' झाले. हा प्रश्न सभेत पहिल्यांदा आला असता, तर केवळ त्याच्यासाठी विषय तहकूब झाला असता, याची मला आजही खात्री आहे.

कागद कमी करणे मला सर्वांत जड गेले. वाचकांचे अर्ज ही माझ्या प्रस्तावाची खरी ताकद आहे, असे मला वाटत होते. पण त्या अर्जांत लोकांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक होते आणि नोंदवहीच्या छायाप्रतींत शंभरावर माणसांची नावे होती. ही माहिती सगळ्या सदस्यांच्या घरी पाठवण्याचा मला अधिकार नव्हता, आणि समितीला निर्णयासाठी नावांची गरजही नव्हती. तिला आकडा हवा होता. म्हणून मी चार आठवडे रोज सहाला पाच मिनिटे कमी असताना भरलेल्या खुर्च्या मोजल्या. कामाच्या 24 दिवसांपैकी 19 दिवशी 40 पैकी 30 हून अधिक खुर्च्या भरलेल्या होत्या. हा एक पानाचा तक्ता जोडपत्र 'अ' झाला. मूळ नोंदवही मी सभेच्या वेळी सोबत ठेवली आणि ती पाहायला उपलब्ध राहील, असे पत्रात लिहिले. सगळे मिळून सहा पाने झाली. अडतीस पाने कोणी वाचली नव्हती. या सहा पानांवर दोन सदस्यांनी पेन्सिलीने खुणा केलेल्या मी सभेत स्वतः पाहिल्या.

मी सदस्य नाही, त्यामुळे ठराव मी मांडू शकत नव्हते. आमच्याकडे ठरावाला सूचक आणि अनुमोदक दोघेही सदस्य असावे लागतात. मी एका ज्येष्ठ सदस्यांना भेटून मसुदा दाखवला. त्यांनी "तीन महिने" हे शब्द आहेत म्हणूनच सूचक व्हायला होकार दिला, कायमचा बदल असता तर नाही म्हटले असते, असे स्पष्ट सांगितले. पत्रात त्यांच्या संमतीचा उल्लेख केला. 9 तारखेला, म्हणजे उपसमितीचा अभिप्राय हाती आल्यावर, दिलेले पत्र असे होते :

> प्रति,
> मा. सचिव, व्यवस्थापन समिती
>
> विषय : अभ्यासिका सायंकाळी 8 वाजेपर्यंत उघडी ठेवण्याचा प्रस्ताव 24 तारखेच्या सभेच्या विषयपत्रिकेवर निर्णयासाठी घेण्याबाबत.
>
> महोदय,
>
> उपरोक्त प्रस्ताव समितीच्या 24 तारखेच्या सभेत निर्णयासाठी घ्यावा, अशी विनंती आहे. समितीने संमत करावयाच्या ठरावाचा मसुदा टिपणीच्या शेवटी दिला आहे. ठरावाचे सूचक होण्यास समितीच्या एका सदस्यांनी संमती दिली असून त्यांचे संमतिपत्र आपल्याकडे स्वतंत्रपणे दिले आहे.
>
> या विषयासाठी एकूण 15 मिनिटे लागतील : मांडणी 6 मिनिटे, प्रश्नोत्तरे 7 मिनिटे, ठरावाच्या मसुद्यावर विचार 2 मिनिटे. वेळ कमी असल्यास मांडणी 3 मिनिटांत करता येईल. मांडणी मी स्वतः करीन. त्यासाठी मला या विषयापुरते सभेत उपस्थित राहण्याची अनुमती मिळावी. पडदा किंवा अन्य साधनाची आवश्यकता नाही.
>
> सोबत पुढील कागद जोडले आहेत : टिपणी व ठरावाचा मसुदा (2 पाने), जोडपत्र 'अ', उपस्थितीचा तक्ता (1 पान), जोडपत्र 'ब', पाळ्या व किल्लीची जबाबदारी (1 पान), जोडपत्र 'क', खर्चाचा अंदाज व अर्थ उपसमितीचा अभिप्राय (2 पाने). एकूण 6 पाने. मूळ नोंदवही सभेच्या वेळी उपलब्ध राहील.
>
> विषय या सभेत घेणे शक्य नसल्यास तसे 16 तारखेपूर्वी कळवावे, ही विनंती.
>
> आपली विश्वासू

या पत्रातल्या दोन गोष्टींबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे. जोडपत्रांपुढे पानांची संख्या लिहिणे मला आधी कारकुनी वाटले होते. प्रत्यक्षात विषयपत्रिकेसोबत प्रती काढताना तीन सदस्यांच्या संचांतून जोडपत्र 'क'चे दुसरे पान, म्हणजे नेमका उपसमितीचा अभिप्रायच, गळाला होता. एका सदस्यांनी पत्रातली "2 पाने" ही नोंद आणि हातातले एक पान ताडून पाहिले आणि सभेच्या चार दिवस आधी सचिवांना कळवले. संख्या लिहिलेली नसती, तर त्या तिघांनी अभिप्राय घेतलाच नाही असे समजून सभेत तीच हरकत घेतली असती. दुसरी गोष्ट म्हणजे "वेळ कमी असल्यास मांडणी 3 मिनिटांत" हे वाक्य. ते लिहिताना आपण स्वतःच आपला वेळ कापायला सांगत आहोत, अशी भीती वाटत होती. सचिवांनी मात्र हेच वाक्य वाचून माझा विषय हिशेबाच्या विषयाच्या लगेच नंतर ठेवला, कारण आधीचा विषय लांबला तरी माझा आटोपता येणार होता.

आणि तो लांबलाच. माझे नाव पुकारले गेले तेव्हा सभा 25 मिनिटे मागे होती. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही तीन मिनिटे लिहिली आहेत, तेवढ्यात सांगा." तीन मिनिटांची मांडणी मी वेगळी लिहून ठेवली होती. तिच्यात अडचण एका वाक्यात होती, मोजणी एका वाक्यात होती आणि उरलेला सगळा वेळ ठरावातल्या अटींवर होता. सहा मिनिटांचे भाषण घाईघाईने तीन मिनिटांत उरकणे आणि तीन मिनिटांसाठी वेगळे लिहिणे यांत फार फरक पडतो. घाईत आपण नेमका शेवट गाळतो, आणि मागणी शेवटीच असते.

प्रश्न चार आले. किल्लीबद्दलचा पहिलाच होता आणि विचारणाऱ्यांना त्यांच्याच संचातले जोडपत्र 'ब' दाखवून तो संपला. खर्चाबद्दलच्या प्रश्नाला उपसमितीच्या एका सदस्यांनीच उत्तर दिले. एका सदस्यांनी ठरावात "दर महिन्याच्या उपस्थितीचा तक्ता समितीपुढे ठेवण्यात यावा" हे शब्द घालण्याची सूचना केली. सूचकांनी ती मान्य केली, अनुमोदन मिळाले आणि मतदानापूर्वी मला बाहेर जायला सांगण्यात आले. एकूण 13 मिनिटे झाली होती.

काही दिवसांनी ठरावाचा उतारा हाती आला. मी तो माझ्या मसुद्याशेजारी ठेवून शब्दशः ताडला. तक्त्याची दुरुस्ती त्यात बरोबर आली होती, जोडपत्र 'क'चा उल्लेख आला होता, पण "पुढील महिन्याच्या 1 तारखेपासून" हे शब्द गळले होते. त्यांच्याशिवाय तीन महिने केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपले, हे कोणालाच सांगता आले नसते, आणि पाळ्यांचा आदेश काढणाऱ्या विभागाने तेवढ्यासाठी कागद परत पाठवला असता. इतिवृत्त कायम होण्यापूर्वी अशी दुरुस्ती सुचवता येते, नंतर मात्र नवा ठराव लागतो. मी त्याच दिवशी सचिवांना दोन ओळींचे पत्र दिले, सोबत टिपणीचे दुसरे पान जोडले आणि गळलेल्या शब्दांखाली रेघ मारली. त्यांनी त्यांची सभेतली टाचणे पाहिली, तारीख वाचली गेल्याची खात्री केली आणि उताऱ्याची सुधारित प्रत दिली. पुढच्या सभेत इतिवृत्त त्या दुरुस्तीसह कायम झाले. त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर, माहितीसाठी या सदराखाली, पहिल्या महिन्याच्या उपस्थितीचा तक्ता होता : मागितलेला वेळ 3 मिनिटे, जोडपत्र 1, पान 1.